वाररेषा ओलांडताना तारीख का उडी मारते, हे बोटीच्या हिशेबातून

प्रश्न: आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली की एकदम पूर्ण दिवसाचा फरक का पडतो? आणि प्रवास करणाऱ्याला ते प्रत्यक्षात कसं जाणवतं?

मी मालवाहू जहाजांवर सेकंड ऑफिसर म्हणून काम केलं आहे आणि पॅसिफिक महासागर दोन्ही दिशांनी बऱ्याचदा ओलांडला आहे. विमानात ही गोष्ट झोपेतच होऊन जाते. बोटीवर मात्र ती सावकाश, तासातासाने घडते, म्हणून तिचं कारण बोटीवर जास्त चांगलं कळतं.

जपानच्या योकोहामाहून 10 जानेवारीला दुपारी 12 वाजता निघालो आणि दहा दिवसांनी लॉस एंजेलिसला पोचलो असं धरू. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते. आपण पूर्वेकडे, म्हणजे सूर्याला सामोरे जात असतो, त्यामुळे रोज सूर्य कालच्यापेक्षा थोडा लवकर उगवतो. बोटीचं घड्याळ त्याच्याशी जुळतं ठेवायचं, तर दर 15 अंशांनंतर ते एक तास पुढे करावं लागतं. हे बहुतेक रात्री करतात. एकाच वॉचवर, म्हणजे कामाच्या पाळीवर, अन्याय नको म्हणून तो तास कित्येकदा तीन वॉचमध्ये वीस-वीस मिनिटं असा वाटून घेतात. माझी 12 ते 4 ची वॉच अशा रात्री वीस मिनिटं आधी संपायची. ज्याच्या वाट्याला तो तास येतो, त्याची झोप किंवा काम खरोखर तेवढं कमी होतं.

जपानची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जगभर आधार धरल्या जाणाऱ्या प्रमाण वेळेच्या, 9 तास पुढे, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ हिवाळ्यात 8 तास मागे. वाररेषेपर्यंत पोचेस्तोवर आम्ही तीन वेळा घड्याळ पुढे करतो, म्हणजे बोट +12 वर येते. रेषेपलीकडे −12 पासून सुरुवात करून −8 पर्यंत आणखी चार वेळा. एकूण सात रात्री 23 तासांच्या दिवसात गेल्या, म्हणजे सात तास आमच्या पदरातून गेले. आता मधलं पाऊल बघा: +12 आणि −12 या दोन्ही ठिकाणी घड्याळाचे काटे तंतोतंत एकाच जागी असतात. बदलते ती फक्त तारीख. म्हणून ती तारीख पुन्हा एकदा जगायची.

समजा कॅप्टनने 14 जानेवारी दोनदा घ्यायची ठरवली. लॉगबुकात 14 तारखेची दोन पानं येतात. एकावर 'पहिली', दुसऱ्यावर 'दुसरी' असं लिहितात. पहिल्या 14 ला दुपारी 12 वाजता यूटीसी घड्याळ 14 जानेवारी 00:00 दाखवतं. दुसऱ्या 14 ला दुपारी 12 वाजता ते 15 जानेवारी 00:00 दाखवतं. ते घड्याळ कुठेही उडी मारत नाही, ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, त्याच्याकडे बघून नेहमी आधार वाटतो. एकदा माझ्या एका ज्युनिअरने दुसऱ्या दिवसाला सवयीने 15 तारीख घातली आणि दुपारच्या रिपोर्टमधली स्थानिक तारीख पुढचे दोन दिवस चुकत गेली. चूक सापडली ती याच घड्याळामुळे: बोट −12 किंवा −11 वर असेल, तर स्थानिक वेळेत ते 12 किंवा 11 तास मिळवून यूटीसीची तारीख यायला हवी, ती येत नव्हती.

आता बेरीज करा. सात तास घालवले, एक पूर्ण दिवस म्हणजे 24 तास परत मिळाले. उरले 17, आणि जपान व लॉस एंजेलिस यांच्या वेळेत फरक नेमका 17 तासांचाच आहे. दहा दिवस म्हणजे 240 तास पाण्यावर काढून आम्ही लॉस एंजेलिसला पोचतो 19 जानेवारीला संध्याकाळी 7 वाजता. म्हणजे ती उडी काही वेगळा चमत्कार नाही. थोड्या थोड्या केलेल्या घड्याळाच्या बदलांची ती फेड आहे. ही फेड कुठेच केली नाही, तर पृथ्वीला पूर्ण फेरी मारणाऱ्याच्या खात्यात 24 तासांची चूक साठते.

ती चूक खरोखर झालेली आहे, आणि मला तो प्रसंग फार आवडतो. मॅगेलनच्या मोहिमेतलं व्हिक्टोरिया हे जहाज पश्चिमेकडे जात जात पृथ्वीला फेरी मारून जुलै 1522 मध्ये केप व्हर्डे बेटांवर पोचलं. जहाजावर बुधवार, 9 जुलै होता. किनाऱ्यावर उतरलेल्यांना कळलं की तिथे गुरुवार आहे. मोहिमेची हकीकत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने रोजच्या रोज नोंद ठेवली होती आणि मध्ये एकही दिवस सुटलेला नव्हता, म्हणून तो चक्रावून गेला. पश्चिमेकडे जाणाऱ्याचा प्रत्येक दिवस थोडा लांबतो. तीन वर्षांत त्यांनी जगापेक्षा एक सूर्योदय कमी पाहिला होता. आज पश्चिमेकडे जाणारी बोट हेच टाळण्यासाठी वाररेषेवर एक तारीख गाळून टाकते.

मग रेषा तिथेच का? अशी शिवण कुठेतरी असावीच लागते, आणि ग्रिनिचच्या बरोबर मागे, 180 अंशांजवळ, लोकवस्ती विरळ आहे. पण ती सरळ नाही आणि तिला आखणारा कोणताही आंतरराष्ट्रीय करारही नाही. प्रत्येक देश आपली वेळ स्वतः ठरवतो आणि रेषा त्यातून वाकते. सामोआचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी वाढला, तेव्हा त्यांनी 2011 मध्ये 30 डिसेंबर, शुक्रवार हा दिवसच गाळला आणि रेषेच्या ऑस्ट्रेलियाकडच्या बाजूला आले. शेजारचं अमेरिकन सामोआ पलीकडेच राहिलं. आज दोघांच्या घड्याळात काटे सारखे आणि तारखेत एक दिवसाचा फरक आहे.

बाहेर मात्र रेषेवर काहीच दिसत नाही. जीपीएसवर 179 अंश 59 मिनिटं पूर्वच्या जागी पश्चिम येतं, तेवढंच.

विमानातल्या प्रवाशाला फटका बसतो तो कागदावर. मला एकदा सिडनीला जहाजावर रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी रात्री 10:30 ला लॉस एंजेलिसहून निघालो, साधारण 15 तासांनी उतरलो तेव्हा तिथे रविवार सकाळचे साडेआठ वाजले होते. माझा शनिवार झालाच नाही. एजंटने हॉटेल मात्र शनिवार रात्रीपासून घेतलं होतं, मी आलो नाही म्हणून हॉटेलने पुढच्या रात्रींसकट सगळं रद्द केलं आणि मला काउंटरवर बॅगा घेऊन उभं राहावं लागलं. उलट दिशेने, शनिवारी सकाळी 10 ला सिडनीहून निघून 13-14 तासांनी उतराल तर लॉस एंजेलिसला त्याच शनिवारची पहाट असते, म्हणजे निघण्याआधीची वेळ. तिथे शुक्रवारची रात्रही बुक करून ठेवली नाही, तर खोलीत शिरायला दुपारपर्यंत थांबावं लागतं. तिकिटावर पोचण्याच्या वेळेशेजारी +1, +2 असं लिहिलेलं असतं किंवा काहीच नसतं, ते आधी बघा, आणि हॉटेलची तारीख त्या छापील पोचण्याच्या तारखेवरूनच घ्या. प्रवासाचे तास मोजून तारीख काढायला जाऊ नका.