'अपूर्ण' म्हणजे अपुरे का?

'डिचोलीला एका व्याख्यानात ऐकले की गोडेलने गणित अपूर्ण असल्याचे सिद्ध केले, म्हणून मन हे यंत्र नाही. इथे अपूर्ण म्हणजे अपुरे का? आणि निष्कर्ष बरोबर आहे का?'

अपुरे नव्हे. हुमणात मीठ अपुरे पडले तर चिमूटभर घालून भागते. देवळाचा सभामंडप अपूर्ण राहिला तर पुढच्या वर्षी वर्गणी काढून पुरा करता येतो. तर्कशास्त्रज्ञ गोडेलच्या १९३१ च्या निबंधातली अपूर्णता अशी भरून निघत नाही. शिवाय ते विशेषण गणिताचे नाही, गृहीतके आणि अनुमानाचे नियम ठरवून दिलेल्या एखाद्या व्यवस्थेचे आहे. एखादे विधान त्या व्यवस्थेत सिद्ध होत नाही आणि त्याचा नकारही सिद्ध होत नाही, तर ती व्यवस्था अपूर्ण. ते विधान नवे गृहीतक म्हणून जोडले, तर वाढलेल्या व्यवस्थेत तसेच दुसरे उभे राहते. प्रत्येक व्यवस्थेचे असे होते असेही नाही: नुसत्या बेरजेचे अंकगणित पूर्ण आहे, हे गणितज्ञ प्रेसबर्गरने १९२९ मध्येच दाखवले होते. गुणाकारही आला की अडचण सुरू होते.

आता मनाकडे. १९६१ मध्ये लुकास या तत्त्वज्ञाने मांडलेला युक्तिवाद असा: यंत्र म्हणजे एक व्यवस्था. तिचे गोडेल-विधान 'ग' जणू म्हणते, 'मी या व्यवस्थेत सिद्ध होत नाही.' यंत्र ते सिद्ध करू शकत नाही, आपल्याला मात्र ते खरे असल्याचे दिसते. म्हणून मन यंत्राहून वेगळे.

सगळी गफलत 'दिसते' या क्रियापदात आहे. सुसंगत व्यवस्था म्हणजे जिच्यात एखादे विधान आणि त्याचा नकार ही दोन्ही सिद्ध होत नाहीत अशी. आपल्याला दिसते ते एवढेच: 'व्यवस्था सुसंगत असेल, तर ग खरे.' हे जर-तरचे वाक्य ती व्यवस्था स्वतःही सिद्ध करते! तिला सिद्ध करता येत नाही तो 'जर'चा भाग, म्हणजे स्वतःची सुसंगती. मग आपल्याला ती कुठून कळली? तत्त्वज्ञ पटनमने हा आक्षेप १९६० मध्येच घेतला होता आणि मला तो निर्णायक वाटतो. तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचे उदाहरण घ्या. त्याने मोठ्या काळजीने रचलेली व्यवस्था त्याला सुसंगतच वाटत होती. १९०२ मध्ये त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापायला गेलेला असताना तत्त्वज्ञ रसेलचे पत्र आले आणि तिच्यातली विसंगती उघड झाली. काही पाने वाचून तपासता येणाऱ्या गृहीतकांची ही गत, तर माणसाच्या मनाएवढ्या गुंतागुंतीच्या यंत्राची सुसंगती नुसती पाहून कशी ठरणार?

म्हणून मन हे यंत्रच आहे, असेही ठरत नाही. गोडेलने १९५१ च्या व्याख्यानात सावध 'किंवा' वापरला: मानवी मन कोणत्याही सांत यंत्राला मागे टाकते, किंवा संख्यांच्या समीकरणांविषयी असे प्रश्न आहेत जे मन कधीच सोडवू शकणार नाही. त्याचा स्वतःचा कल पहिल्या पर्यायाकडे होता. तो कल त्याच्या प्रमेयातून निघत नाही, आणि डिचोलीच्या वक्त्यांनी वगळला तो नेमका हा 'किंवा'.