बँकेत वटवलेली हुंडी नकारली गेली, तर गिऱ्हाइकाच्या नावे किती रक्कम लिहायची?

प्रश्न: माझा सुताचा व्यापार आहे. एका यंत्रमागवाल्यावर ५ फेब्रुवारी २०२५ ला ६०,००० रुपयांची तीन महिन्यांची हुंडी काढली. त्याने ती सकारली. ८ फेब्रुवारीला बँकेत वटवली, १,८०० बट्टा कापून ५८,२०० मिळाले. मुदतीला त्याने पैसे दिले नाहीत आणि बँकेने माझ्या खात्यातून ६०,१५० वळते केले. आता त्याच्या नावे ५८,२०० लिहू, ६०,००० की ६०,१५०? बट्ट्याची नोंद उलटवायची का? येणे हुंडी खात्याचं काय करायचं?

उत्तर:

पूर्ण ६०,१५० लिहा. बट्ट्याला हात लावू नका. येणे हुंडी खात्यालाही लावू नका, कारण ते फेब्रुवारीतच मिटलेलं आहे. बहुतेकांचं गणित नेमकं इथेच चुकतं, म्हणून आधी फेब्रुवारीत काय झालं ते पाहू.

हुंडी वटवली त्या दिवशीची तुमची नोंद अशी असणार:

बँक खाते ... नावे ५८,२००
बट्टा खाते ... नावे १,८००
  येणे हुंडी खात्याला ... ६०,०००

या नोंदीने हुंडी तुमच्या वहीतून बाहेर पडली आणि बँक तिची धारक झाली. यंत्रमागवाल्याने ८ मे रोजी (५ मे ही मुदत, वर सवलतीचे तीन दिवस) बँकेला पैसे दिले असते, तर तुमच्या वहीत त्या दिवशी एकही नोंद झाली नसती. व्यवहार त्याच्यात आणि बँकेत संपला असता.

त्याने ते दिले नाहीत. हुंडी काढणारे तुम्ही, त्यामुळे बँकेला भरपाई करून देण्याची जबाबदारी तुमच्यावर येते आणि बँक ती थेट तुमच्या खात्यातून वसूल करते. म्हणजे जमा बाजूला बँकच येणार:

यंत्रमागवाल्याचे खाते ... नावे ६०,१५०
  बँक खात्याला ... ६०,१५०
(वटवलेली हुंडी नकारली गेली, नोटिंगच्या खर्चासह)

हे १५० रुपये नोटरीचे. हुंडी पुन्हा दाखवून पैसे मिळाले नाहीत अशी टीप नोटरी हुंडीवर करतो. खर्च त्या वेळच्या धारकाने, म्हणजे बँकेने केला, बँकेने तुमच्याकडून घेतला, आणि तुम्ही तो यंत्रमागवाल्याच्या माथी टाकता. पैसे न देणारा तो आहे, म्हणून ही रक्कम तुमच्या खर्च खात्यात जात नाही. त्याच्या वहीत मात्र तो खर्चच असतो. तिथे देणे हुंडी खाते ६०,००० नावे, नोटिंग खर्च १५० नावे आणि तुमचं खाते ६०,१५० जमा. तुम्ही हुंडी वटवली होती की तिजोरीत ठेवली होती, हे त्याच्या वहीला कळतच नाही.

आता बट्टा. बँकेने कापलेले १,८०० हे ६०,००० वरचं १२ टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज आहे. तीन महिने आधी पैसे वापरायला मिळाले, त्याची ती किंमत. ते पैसे तुम्ही खरंच तीन महिने वापरले, आणि मुदत संपल्यावर हुंडी नकारली गेली म्हणून तो वापर पुसला जात नाही. शिवाय यंत्रमागवाल्याचं देणं मुळात ६०,००० चं होतं. त्याला न विचारता तुम्ही हुंडी कमी पैशात वटवली, हा तुमचा आणि बँकेचा व्यवहार. त्याच्या नावे ५८,२०० लिहिले, तर खातेउतारे जुळवताना त्याच्या वहीत तुमचे ६०,१५० जमा दिसतील आणि फरकाचं कारण दोघांनाही सापडणार नाही.

तिसरी चूक तपासायला सोपी आहे. सवयीने जमा बाजूला येणे हुंडी खाते घेतलं, तर त्या खात्यात ६०,००० ची जमा शिल्लक उरते. येणं असलेल्या खात्याला जमा शिल्लक दिसली की समजायचं, कुठेतरी घोळ आहे. बँकेच्या पासबुकाशीही ताळमेळ बसणार नाही. ही सवय लागते, कारण हुंडी स्वतःजवळ ठेवली असताना नकारली गेली तर येणे हुंडी खाते जमा करणंच बरोबर असतं. नुसती वसुलीसाठी बँकेकडे दिली असेल तर ‘वसुलीसाठी पाठवलेल्या हुंड्या’ हे खाते जमा होतं. नोंद लिहिण्याआधी एवढंच विचारा: नकाराच्या दिवशी हुंडी कोणाच्या मालकीची होती?

विक्री खात्याला आणि त्यावरच्या जीएसटीला काहीही करायचं नाही. माल गेला, विक्री झाली, फक्त पैसे अडकले.

तुम्ही विचारलं नाहीत, पण तारखांमध्ये ३१ मार्च येतो. त्या दिवशी हुंडी बँकेकडे होती आणि मुदत भरायची होती. म्हणून ताळेबंदाच्या खाली टिपेत ६०,००० ‘वटवलेल्या हुंड्यांबाबत संभाव्य देणे’ असं दाखवायला हवं होतं. आकडा हुंडीचा दाखवायचा, हातात पडलेल्या ५८,२०० चा नाही. आणि २०२४-२५ चे हिशेब ८ मेपर्यंत अंतिम झाले नसतील, तर आणखी एक विचार करावा लागतो. हा माणूस मार्चअखेरही अडचणीत होता का? माग बंद पडले होते, इतरांचीही देणी थकली होती असं असेल, तर मे महिन्यातला नकार हा मार्चच्या परिस्थितीचाच पुरावा ठरतो आणि बुडण्याची शक्यता असलेल्या रकमेची तरतूद जुन्याच वर्षात करावी. मार्चअखेर सगळं ठीक होतं आणि एप्रिलमध्ये त्याच्यावर काही नवं संकट आलं असेल, तर तो बोजा नव्या वर्षाचा.

वर सांगितलेली पद्धत तुमच्यासारख्या व्यापाऱ्याच्या वहीची. इंड एएस ही हिशेबाची मानके लागू असलेल्या कंपनीत, बँक पैसे परत मागू शकते अशी हुंडी वटवली तरी ताळेबंदातून काढत नाहीत. येणं तसंच ठेवून मिळालेले पैसे बँकेचं कर्ज म्हणून दाखवतात. तिथल्या कोणी वेगळं सांगितलं तर गोंधळू नका.

बँकेने रक्कम काही दिवस उशिरा वळती केली असेल, तर मधल्या दिवसांचं व्याजही लावलेलं असू शकतं. ते ६०,१५० मध्ये मिसळू नका. त्या माणसाशी तसा करार असेल तरच ते त्याच्या नावे लिहा, नाहीतर तुमचा व्याजाचा खर्च.

पुढे बहुधा तो म्हणेल, थोडे आता घ्या, बाकीची नवी हुंडी करू. समजा त्याने २०,१५० चा चेक दिला आणि उरलेल्या ४०,००० वर १२ टक्क्यांनी दोन महिन्यांचं व्याज, म्हणजे ८००, कबूल केलं. आधी व्याज त्याच्या नावे लिहा:

यंत्रमागवाल्याचे खाते ... नावे ८००
  व्याज खात्याला ... ८००

मग:

बँक खाते ... नावे २०,१५०
येणे हुंडी खाते ... नावे ४०,८००
  यंत्रमागवाल्याच्या खात्याला ... ६०,९५०

त्याचं खाते शून्य होतं आणि त्याजागी ४०,८०० ची नवी हुंडी येते. हे ८०० पुढच्या दोन महिन्यांचे आहेत, तुमच्या जुन्या १,८०० ची भरपाई नव्हे. ती हवी असेल तर नवी हुंडी सकारून घेण्याआधीच बोलणी करा. तो कबूल झाला तर वेगळ्या नोंदीने त्याच्या नावे लिहा आणि नव्या हुंडीच्या रकमेत धरा.