‘गंगाजळी घटली’ : घट कशाची, मोजमाप कशाचे?

प्रश्न : ‘परकीय चलनाची गंगाजळी घटली’ अशी बातमी येते आणि खाली लिहिलेले असते की ही घट मुख्यतः मूल्यांकनामुळे झाली. कोणी काही विकलेच नसेल तर ‘घटली’ कसे म्हणता येईल? याला ‘अवमूल्यन’ म्हणायचे का?

गोंधळाचे मूळ ‘गंगाजळी’ या शब्दाच्या चित्रात आहे. गंगेचे पाणी जपून ठेवण्याचे भांडे, आणि त्यावरून अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला साठा, असा या शब्दाचा अर्थ विस्तारला. भांड्यातले पाणी कमी झाले म्हणजे ते कोणीतरी उपसले, हे आपण न सांगताच गृहीत धरतो. मूल्यांकनामुळे होणारी घट या चित्रात बसत नाही. तिच्यासाठी पाण्यापेक्षा धान्याचे चित्र जवळचे आहे. पूर्वी गावोगावची पायली सारखी नसे. कणगीतले तेच धान्य लहान पायलीने मोजले तर शंभर पायल्या भरत आणि मोठ्या पायलीने मोजले तर नव्वदच भरत. धान्य कोणी काढलेले नसे, फक्त माप मोठे झालेले असे. गंगाजळी मोजण्याची पायली म्हणजे डॉलर. डॉलर महागला की माप मोठे होते आणि आकडा उतरतो.

भारताच्या साठ्याचे चार भाग आहेत : परकीय चलनातील मालमत्ता, सोने, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदस्य देशांना दिलेले एसडीआर नावाचे राखीव हक्क आणि नाणेनिधीतील राखीव हिस्सा. यांपैकी पहिला भाग सर्वांत मोठा असून तो केवळ डॉलरमध्ये नसतो. त्यात युरो, पौंड आणि येन यांतील रोखे व ठेवीही असतात. कोणत्या चलनाचा वाटा किती, हे रिझर्व्ह बँक जाहीर करत नाही, पण आकडा मात्र दर आठवड्याला डॉलरमध्ये सांगते. म्हणून युरोतील मालमत्तेला त्या दिवशीच्या दराने डॉलरच्या भाषेत आणावे लागते. केवळ उदाहरण म्हणून असे धरू की साठ्यात 100 अब्ज युरो आहेत. एप्रिल 2022 च्या आरंभी एक युरो सुमारे 1.10 डॉलरला होता, तेव्हा त्या 100 अब्ज युरोंची नोंद 110 अब्ज डॉलर अशी झाली असती. त्याच वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात युरो सुमारे 0.97 डॉलरपर्यंत उतरला, तेव्हा त्याच युरोंची नोंद 97 अब्ज डॉलर झाली असती. एकही युरो हललेला नाही आणि गंगाजळीतून 13 अब्ज डॉलर ‘घटले’.

हा काळ मी मुद्दाम निवडला आहे, कारण दोन प्रकारच्या घटी त्यात एकमेकींत मिसळलेल्या होत्या. मार्च 2022 च्या अखेरीस भारताचा साठा सुमारे 607 अब्ज डॉलर होता आणि 23 सप्टेंबर रोजी तो 537.5 अब्जांवर आला होता. रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डॉलर विकले, हे खरेच होते, पण सगळी घट त्यामुळे झाली, अशी समजूत सर्वत्र पसरली. 30 सप्टेंबरच्या पतधोरण निवेदनात तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी सांगितले की त्या आर्थिक वर्षातील घटीपैकी सुमारे 67 टक्के भाग मूल्यांकनातील बदलाचा आहे, आणि त्याची कारणे महागलेला डॉलर व अमेरिकी रोख्यांवरील वाढलेला परतावा ही आहेत. दुसरे कारणही समजून घेण्यासारखे आहे. बाजारातील व्याजदर चढले की आधी घेतलेल्या, कमी व्याजाच्या रोख्यांचा भाव उतरतो, त्यामुळे साठ्यातील डॉलरचा भागदेखील मूल्यांकनाच्या फटक्यातून सुटत नाही.

पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. वर्षाच्या उत्तरार्धात डॉलर उतरला, युरो पुन्हा 1.08 च्या आसपास गेला, आणि मार्च 2023 अखेर साठा 578 अब्जांवर होता. पूर्ण वर्षाची घट सुमारे 29 अब्ज डॉलर. तिच्यापैकी व्यवहारतोलाच्या हिशेबाने, म्हणजे प्रत्यक्ष देवघेवीमुळे झालेली घट सुमारे 9 अब्जांची होती आणि जवळजवळ 20 अब्ज मूल्यांकनाचे होते. सप्टेंबरपर्यंत मूल्यांकनापोटी गेलेले चाळीसहून अधिक अब्ज मार्चपर्यंत विसाच्या आसपास आले होते. उपसलेले पाणी असे आपोआप भांड्यात परतत नाही, माप पुन्हा लहान झाले तर मात्र धान्याच्या पायल्या वाढतात.

ही फोड वाचकाला स्वतः करता येते, पण आठवड्याच्या बातमीवरून नाही. साप्ताहिक आकड्यात दोन्ही बदल एकत्रच असतात. रिझर्व्ह बँकेच्या मासिक पत्रिकेत बँकेने किती डॉलर घेतले व विकले याचा तक्ता असतो आणि साठ्यातील बदलाची कारणे सांगणाऱ्या तिमाही निवेदनात मूल्यांकनाचा परिणाम वेगळ्या ओळीत दिलेला असतो. व्यवहारतोलात मूल्यांकन धरतच नाहीत, म्हणून त्यातील घट आणि साठ्याच्या आकड्यातील एकूण घट यांत फरक पडतो.

आता शब्दांकडे येतो. ‘अवमूल्यन’ येथे चालणार नाही. अवमूल्यन म्हणजे सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने निर्णय घेऊन आपल्या चलनाचा दर खाली आणणे. 6 जून 1966 रोजी डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपये केला गेला, ते अवमूल्यन. बाजारात चलन उतरते तेव्हा ‘घसरण’ म्हणावे. ‘पुनर्मूल्यांकन’ हा शब्द हिशेबाच्या क्रियेसाठी योग्य आहे, पण त्याने परिणामाची दिशा कळत नाही. ‘मूल्यांकनातील घट’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत नेमका वाटतो, आणि ‘घटली’ हे क्रियापदही चूक नाही, फक्त त्याचा कर्ता साठा नसून साठ्याची डॉलरमधील किंमत आहे. बातमीत ‘गंगाजळीचे डॉलरमधील मूल्य घटले’ एवढे दोन शब्द वाढवले तर वाचकाची फसगत टळेल.

त्या दोन शब्दांची गरज किती आहे, हे रुपयातल्या हिशेबावरून दिसते. रिझर्व्ह बँकेचा ताळेबंद रुपयांत असतो. त्याच 2022-23 या वर्षात रुपया उतरल्यामुळे परकीय मालमत्तेची रुपयांतील किंमत चढली, आणि असा प्रत्यक्ष हाती न आलेला नफातोटा ज्या चलन व सुवर्ण पुनर्मूल्यांकन खात्यात जातो, त्यातील शिल्लक सुमारे 9.1 लाख कोटींवरून 11.2 लाख कोटी रुपयांवर गेली. एकच साठा, एकच वर्ष, एका मापाने घट आणि दुसऱ्या मापाने वाढ. हा फरक बँकेच्या उत्पन्नात धरला जात नाही, तो त्या खात्यातच राहतो.

मात्र या घटीला सरसकट ‘कागदी’ म्हणणेही मला मान्य नाही. आपण खनिज तेलाचे पैसे बहुतांशी डॉलरमध्ये मोजतो. त्या दिवसांत ते 100 अब्ज युरो विकून तेल घ्यायचे ठरले असते, तर हाती 97 अब्ज डॉलरच आले असते आणि पिंपे तेवढीच कमी मिळाली असती. युरोपातून माल घ्यायचा असता आणि बिल युरोत असते, तर मात्र तीच रक्कम पूर्वीइतकीच पुरली असती.