पाच वर्षांचा बाँड दोन वर्षांनी विकावा का?

प्रश्न: मला बरोबर दोन वर्षांनी पैसे लागणार आहेत. एकाच कंपनीचे दोन बाँड आहेत, दोन्ही दर्शनी किमतीला, व्याज वर्षातून एकदा. दोन वर्षांच्या बाँडवर ७.५ टक्के, पाच वर्षांच्यावर ८. पाचचा घेऊन दोन वर्षांनी विकू का? त्याचं ड्युरेशन ४.३१ लिहिलंय.

उत्तर: तारीख पुढे ढकलता येणार नसेल तर दोन वर्षांचाच घ्या. अर्धा टक्का जास्त मिळवण्यासाठी जी जोखीम घ्यावी लागते, ती ड्युरेशनवरून मोजता येते.

४.३१ हे मॅकॉले ड्युरेशन, म्हणजे बाँडचे पैसे परत मिळायला लागणारा भारित सरासरी काळ, आणि ते वर्षांत आहे. दरवर्षीच्या ८ ची ८ टक्क्यांनी काढलेली आजची किंमत ७.४१, ६.८६, ६.३५, ५.८८ आणि शेवटच्या १०८ ची ७३.५० येते. प्रत्येक आकड्याला त्याच्या वर्षाने गुणलं की बेरीज ४३१.२ होते. तिला १०० या किमतीने भागलं की ४.३१.

किमतीतला फरक मात्र या आकड्यावरून थेट काढू नका. त्याला आधी १.०८ ने भागा (व्याज सहामाही असतं तर १.०४ ने). मिळालेलं ३.९९ हे मॉडिफाइड ड्युरेशन. यील्ड, म्हणजे बाजार या बाँडवर मागत असलेला वार्षिक परतावा, अर्ध्या टक्क्याने वाढलं तर किंमत साधारण ३.९९ × ०.५, म्हणजे २ टक्के उतरेल. अंदाज ९८.००, प्रत्यक्ष हिशोब ९८.०३. यील्ड २ टक्क्यांनी वाढलं तर अंदाज ९२.०१ येतो आणि खरी किंमत ९२.४२ असते, कारण किंमत आणि यील्डचं नातं सरळ रेषेचं नसून वक्र आहे. मोठ्या बदलासाठी पूर्ण किंमतच पुन्हा काढावी.

पण तुमच्या निर्णयासाठी ३.९९ देखील चुकीचा आकडा आहे, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. तुम्ही विकाल तेव्हा बाँडची तीनच वर्षं उरलेली असतील. ८ टक्के यील्डला तेव्हाचं मॅकॉले ड्युरेशन २.७८ आणि मॉडिफाइड २.५८. म्हणजे यील्ड १ टक्का वाढलेलं असेल तर विकताना १०० मागे सुमारे अडीच गमवाल.

दुसऱ्या बाजूला, दोन वर्षांत तुम्हाला जास्तीचं व्याज मिळणार १०० मागे १. पहिल्या वर्षाचं व्याज गुंतवलं तर १.०४. याला २.५८ ने भागा: ०.४०. विक्रीच्या दिवशी तीन वर्षांच्या बाँडचं यील्ड ८.४ टक्क्यांच्या वर असेल तर दोन वर्षांचा बाँडच सरस ठरला असता. यील्ड तेवढं हलायला दोन वर्षं भरपूर आहेत. ते ८ च्या खाली असेल तर अर्थातच फायदा, आणि तारीख सैल असेल तर त्यासाठी थांबताही येईल.

घेण्याआधी या बाँडचा खरेदीचा आणि विक्रीचा भाव विचारा. दोन्हींत १०० मागे अर्ध्याचा फरक असेल तर हातात उरतात ०.५४, आणि मग यील्ड जेमतेम ०.२१ टक्का वाढलं तरी जास्तीचं व्याज संपतं.