नमुना चौपट केला तर चूक किती घटते?

"खानापुरात ४०० जणांना विचारलं. एका उमेदवाराला ४६ टक्के, दुसऱ्याला ४३. आता १६०० जणांना विचारलं तर चूक पाव होईल का?"

पाव नाही, निम्मी होईल, कारण चुकीची मर्यादा नमुन्याच्या वर्गमुळानुसार घटते. ९५ टक्के विश्वासपातळीला, म्हणजे असे शंभर नमुने घेतले तर साधारण ९५ वेळा खरा आकडा पल्ल्यात बसेल असं धरून, `98/√n` हे सोपं सूत्र वापरा, n म्हणजे विचारलेल्या लोकांची संख्या: ४०० जणांना अधिक-उणे ४.९ टक्के, १६०० जणांना २.४५. म्हणजे पहिल्याचा पल्ला आत्ता साधारण ४१ ते ५१ आहे. तेवढेच ४६ टक्के पुन्हा आले तर तो ४३.५ ते ४८.५ होईल. पण ही मर्यादा एकेका उमेदवाराची, आणि पेपरवाले नेमकं हेच विसरतात. दोघांमधल्या आघाडीची, म्हणजे फरकाची, मर्यादा जवळपास दुप्पट असते, कारण एकाचा आकडा नमुन्यात चुकून वाढला की दुसऱ्याचा बहुधा घटतो. ४०० ला ती सुमारे ९.२ टक्के, १६०० ला ४.६. तुमची ३ टक्क्यांची आघाडी तेव्हाही तिच्या आतच राहते.

एक अट आहे. हे गणित मतदारयादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं निवडली तरच लागू. खानापूरच्या बाजारपेठेत उभं राहून १६०० काय, ५००० जणांना विचारलंत, तरी लांबच्या कणकुंबीकडची घरं सुटलेलीच राहतील, आणि ती चूक या सूत्रात दिसत नाही.