निराधार अनुदान: अर्जाआधीची कागदपत्रे आणि मंजुरीनंतरची अडचण

संजय गांधी निराधार अनुदान योजनेबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. या योजनेसाठी आधी कुठला हप्ता भरावा लागत नाही, नोकरी केलेली असावी लागत नाही. 65 वर्षांच्या आतील निराधार विधवा, दिव्यांग, परित्यक्ता, घटस्फोटित, अनाथ, दुर्धर आजारी अशांना महाराष्ट्र शासन दरमहा रक्कम देते. जुलै 2023 पासून ती 1500 रुपये आहे. दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2500 रुपये मिळतात.

प्रश्न: माझे वय 36, पती वारले, दोन मुले शाळेत आहेत. मजुरीवर घर चालते. सेतू केंद्रात सांगितले की तुमचा उत्पन्नाचा दाखला 48 हजारांचा आहे, अर्ज बसणार नाही. मी काय करू? (जत)

ताई, सर्वांत जास्त अर्ज याच ठिकाणी अडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

विधवेच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजार रुपयांच्या आत असावे किंवा कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे, असा नियम आहे. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या आकड्यावर अडायचे कारणच उरत नाही. म्हणून आधी ग्रामपंचायतीत जाऊन ती यादी पाहा. नाव तुमचे नसेल, सासऱ्यांचे किंवा पतीचे असेल, त्यांच्या कुटुंबात तुमची नोंद सापडेल. सापडली तर यादीतील क्रमांकासह दाखला घ्या. पिवळे रेशनकार्ड दाखवून भागेल असे समजू नका, यादीचा उतारा वेगळा मागतात.

यादीत नाव नसेल तर तुमच्या हातातला दाखला बारकाईने वाचा. तो कोणाच्या नावाचा आहे? कोणत्या वर्षाचा? तुम्ही पाठवलेल्या माहितीनुसार तो सासऱ्यांच्या नावे, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला आहे. त्यात सासऱ्यांची शेती आणि दिराची कमाई धरलेली असणार. तुम्ही मुलांसह वेगळ्या राहत असाल, चूल वेगळी असेल, तर तो आकडा तुमच्या कुटुंबाचा नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करून रेशनकार्ड विभक्त करून घ्या. मग त्याच्या आधारे स्वतःच्या नावे नवा उत्पन्नाचा दाखला मागा. तलाठ्याकडे चौकशी होईल तेव्हा किती दिवस काम मिळते, रोज किती, जमीन नावावर आहे का, हे स्पष्ट सांगा. वर्षातून 60 दिवस 300 रुपये रोजाने काम मिळत असेल तर उत्पन्न 18 हजार होते आणि तुम्ही मर्यादेत बसता.

पण हेही सरळ सांगायला हवे: त्याच रोजाने 70 दिवस भरले की 21 हजार पूर्ण होतात. वर्षातले अडीच महिनेसुद्धा धड काम मिळालेल्या बाईला ही मर्यादा निराधार मानत नाही. मला हे अन्यायाचे वाटते आणि ही मर्यादा वाढलीच पाहिजे. तोवर घोषणापत्रात खोटा आकडा मात्र लिहू नका. पुढे फेरतपासणीत तो सापडला तर अनुदान बंद होऊन वसुली लागू शकते, आणि ती तुमच्याकडून होईल, आकडा सुचवणाऱ्याकडून नाही.

मुलगा मोठा होऊन कमावू लागला की त्याची कमाई कुटुंबाच्या उत्पन्नात येते आणि प्रकरण पुन्हा तपासले जाते. ज्या विधवेला फक्त मुली आहेत, तिचे अनुदान मात्र मुलींची लग्ने झाली म्हणून थांबत नाही. गावात अनेकांना हे माहीत नसते आणि उगाच नाव कमी झाले की बाई गप्प बसते. तसे झाले तर लेखी हरकत घ्या.

प्रश्न: आमचे मालक चार वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेले असताना वारले. तेव्हा कुठे नोंद केली नाही. आता मृत्यूचा दाखला मागतात. गावच्या ग्रामपंचायतीने देत नाही म्हणून सांगितले. (बीड जिल्हा)

ग्रामपंचायतीने तुम्हाला चुकीचे सांगितलेले नाही, पण अर्धेच सांगितले. मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथे होते, माणूस जिथला रहिवासी होता तिथे नाही. तेव्हा तोडणी ज्या गावात चालू होती तिथली ग्रामपंचायत, किंवा दवाखान्यात निधन झाले असेल तर त्या शहराची नगरपालिका, हे तुमचे ठिकाण. आधी तिथे जुनी नोंद आहे का ते बघा. मोठ्या सरकारी दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखान्याने परस्पर कळवलेले असते आणि दाखला नुसता उतरवून घ्यायचा राहिलेला असतो. घरच्यांना हे ठाऊकच नसते.

नोंदच नसेल तर काम लांबते. मृत्यू 21 दिवसांत कळवायचा असतो. एक वर्षाहून अधिक काळ गेला असेल तर निबंधक आपल्या अधिकारात नोंद करू शकत नाही, त्याला आदेश लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाल्यापासून हा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो. त्यासाठी प्रथम त्या ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपालिकेकडून ‘नोंद आढळत नाही’ असा लेखी दाखला घ्या. सोबत दवाखान्याचे कागद, अंत्यसंस्कार कुठे झाले त्याचा पुरावा, टोळीतील दोघांचे जबाब आणि तुमचे प्रतिज्ञापत्र जोडा. आदेश हाती आला की विलंब शुल्क भरून नोंद होते. दाखल्यावरचे पतीचे नाव आणि तुमच्या आधार कार्डावरचे नाव जुळते का ते तिथेच तपासा. एका अक्षराच्या फरकावरून पुढे अर्ज परत येतो.

प्रश्न: माझ्या भावाचा एक पाय लहानपणापासून अधू आहे. त्याच्याकडे 45 टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे. तो लग्न न करता आईबरोबर राहतो, आईला थोडी शेती आहे. त्याला लाभ मिळेल का? गावात सांगतात की 80 टक्के लागतात. (चाळीसगाव)

गावात सांगतात ते वेगळ्या योजनेबद्दल आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागते. राज्याच्या संजय गांधी योजनेला 40 टक्के पुरतात, म्हणजे तुमचा भाऊ बसतो. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादाही वेगळी आहे: कुटुंबाचे वर्षाला 50 हजार रुपये. आईच्या शेतीचे उत्पन्न त्यात येईल, पण तुम्ही लिहिता तेवढ्या कोरडवाहू जमिनीत ते 50 हजारांच्या आत राहील असे वाटते.

प्रमाणपत्र मात्र नीट पाहा. जुन्या हस्तलिखित प्रमाणपत्राऐवजी आता यूडीआयडी कार्ड मागतात. त्यासाठी swavlambancard.gov.in वर नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या दिवशी तपासणीला जावे लागते. प्रमाणपत्रावर ‘तात्पुरते’ लिहिले असेल आणि मुदत संपली असेल तर आधी नूतनीकरण करा. भावाचे दिव्यांगत्व कायमचे आहे, तेव्हा प्रमाणपत्रही कायमचे मिळायला हवे, तसे डॉक्टरांना विचारा.

याच निमित्ताने आणखी एक सांगतो. एखादी बाई विधवा आहे आणि दिव्यांगही आहे, तर तिचा अर्ज दिव्यांग या प्रवर्गातून भरावा. उत्पन्नाची मर्यादा 21 ऐवजी 50 हजार होते आणि रक्कम 1500 ऐवजी 2500. फॉर्म भरणारे ‘पती मयत’ दिसले की सरळ विधवा प्रवर्गावर खूण करतात. तुमच्या समोर त्यांनी काय भरले ते वाचून घ्या.

प्रश्न: अर्ज नेमका कुठे द्यायचा आणि मंजूर कोण करतो? लाडकी बहीणचे पैसे मिळत असतील तर हाही मिळतो का? (संगमनेर)

अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी योजना शाखेत जातो. तुम्ही तो तलाठ्याकडे, सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रातून भरला तरी शेवटी तिथेच पोहोचतो. वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, महाराष्ट्रात किमान 15 वर्षे राहत असल्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा यादीचा उतारा, आणि प्रवर्गानुसार मृत्यूचा दाखला किंवा दिव्यांग प्रमाणपत्र हे जोडावे लागते. लग्न होऊन कर्नाटक किंवा तेलंगणातून आलेल्या बायकांनी 15 वर्षांच्या पुराव्याकडे लक्ष द्यावे. लग्नानंतर इथल्या मतदार यादीत नाव कधी आले, मुलांचे जन्म कुठे नोंदले गेले, हे कागद कामी येतात.

तलाठ्याची चौकशी झाली की प्रकरण तालुक्याच्या समितीपुढे ठेवतात. समितीचा अध्यक्ष अशासकीय असतो आणि तहसीलदार सदस्य-सचिव. समितीची बैठक लांबली की अर्ज तसाच पडून राहतो, आणि अर्जदाराला वाटते की नामंजूर झाला. म्हणून अर्ज देताना तारीख आणि क्रमांक असलेली पोच घ्या आणि पुढच्या खेपेला ‘माझे प्रकरण कोणत्या बैठकीत आहे’ एवढेच विचारा. नामंजूर झाले असेल तर कारण लेखी मागा. ते हातात असेल तरच उपविभागीय अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात दाद मागता येते.

केंद्राच्या विधवा निवृत्तिवेतनाचा वेगळा हिशेब ठेवायची गरज नाही. चाळिशीपुढची विधवा दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर 300 रुपये केंद्राचे आणि उरलेले 1200 राज्याचे, असे मिळून तेच 1500 होतात.

लाडकी बहीण आणि हे अनुदान दोन्ही एकत्र मिळत नाही. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला 1500 किंवा जास्त मिळत असतील तर ती बाई लाडकी बहीणसाठी अपात्र ठरते. दोन्ही सुरू राहिले तर पुढे वसुलीचा प्रश्न येतो. दिव्यांग बहिणींनी निराधार अनुदानच घ्यावे, ते हजाराने जास्त आहे. विधवांना रक्कम सारखीच आहे, तरी माझा कल निराधार अनुदानाकडेच आहे: ही योजना 1980 पासून चालत आली आहे आणि 65 वर्षे पूर्ण झाली की याच शाखेतून श्रावणबाळ योजनेत जाता येते.

प्रश्न: आईचे अनुदान मंजूर आहे, आधी बँकेत नियमित यायचे. आता कित्येक महिने आलेले नाही. बँक म्हणते तहसीलला विचारा, तहसील म्हणते पाठवले. (उदगीर)

दोघेही खरे बोलत असण्याची शक्यता मोठी आहे. पूर्वी तहसीलमधून बँकेला याद्या जायच्या आणि तुम्ही दिलेल्या खाते क्रमांकावर पैसे पडायचे. डिसेंबर 2024 पासून रक्कम थेट आधारवर जमा होऊ लागली. म्हणजे आईचा आधार क्रमांक सर्वांत शेवटी ज्या खात्याला जोडला गेला, त्या खात्यात पैसे जातात, पासबुक कोणतेही असो. बचत गटासाठी, गॅसच्या सबसिडीसाठी किंवा मोबाइलच्या दुकानात अंगठा लावून एखादे खाते उघडले गेले असेल, तर अनुदान तिथे साठत असेल.

myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहा. तिथे बँकेचे नाव दिसेल. अनोळखी बँक दिसली तर त्या शाखेत आधार घेऊन जा, पैसे तिथे मिळतील. मग नेहमीच्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज देऊन ती बदलून घ्या. काहीच जोडलेले नसेल तर रक्कम परत गेलेली असते. जोडणी करून तहसीलमध्ये लेखी कळवा आणि थकीत महिन्यांचा उल्लेख करा.

आधार जोडणी ठीक असूनही पैसे नसतील, तर हयातीचा दाखला राहिला आहे का ते बघा. तो दरवर्षी द्यावा लागतो. आई अंथरुणाला खिळलेली असेल तर तलाठ्याला तसे लेखी कळवून घरी पडताळणीची मागणी करा. अंगठ्याचे ठसे पुसट झाले म्हणून यंत्र नाकारत असेल, तर आधार केंद्रावर ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करून घ्या.