टर्म प्लॅनची तुलना: तंबाखूचे उत्तर आणि ९९ टक्क्यांचा आकडा

प्रश्न: माझे वय ३५ आहे आणि १ कोटीचा टर्म प्लॅन घ्यायचा आहे. सिगारेट ओढत नाही, पण दिवसातून दोन-तीन वेळा तंबाखू मळतो. एका कंपनीचा प्रीमियम सर्वांत कमी दिसतो, दुसरीचा क्लेम सेटलमेंट रेशो ९९ टक्क्यांच्या वर आहे. नेमकी तुलना कशी करावी?

उत्तर:

माझी काही वर्षे आयुर्विम्याच्या अंडररायटिंगमध्ये, म्हणजे आलेले अर्ज तपासून कोणाला कोणत्या दराने विमा द्यायचा हे ठरवण्याच्या कामात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नात सर्वांत जास्त किमतीचा शब्द ‘पण’ हा आहे. तुलनेच्या तक्त्यात ‘धूम्रपान करता का?’ असे विचारलेले असते आणि सिगारेट न ओढणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. प्रत्यक्ष प्रपोजल फॉर्मवर मात्र प्रश्न तंबाखूच्या कोणत्याही स्वरूपाचा असतो आणि त्यात बिडी, गुटखा, मळलेला तंबाखू, मिश्री असे सर्व काही येते. त्यामुळे तुम्हाला दिसलेला सर्वांत कमी प्रीमियम हा बहुधा तुमचा प्रीमियम नाहीच. पहिले काम म्हणजे दोन्ही कंपन्यांचे दर तंबाखूच्या रकान्यात ‘होय’ भरून पुन्हा काढणे. तंबाखू घेणाऱ्याचा दर न घेणाऱ्याच्या दीडपटीपासून जवळजवळ दुपटीपर्यंत जातो आणि हा फरक प्रत्येक कंपनीत सारखा नसतो. त्यामुळे ‘नाही’च्या रकान्यात स्वस्त ठरलेली कंपनी ‘होय’च्या रकान्यात महाग ठरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

हे उत्तर लपवून काय साधते, हे हिशेबानेच पाहू. समजा, तंबाखू न घेणाऱ्यासाठी वार्षिक प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि घेणाऱ्यासाठी २०,००० रुपये. (हे आकडे केवळ हिशेबासाठी मानलेले आहेत.) लपवल्यास वर्षाला ८,००० रुपये वाचतात. विमा कायदा, १९३८ च्या कलम ४५ नुसार पॉलिसी सुरू झाल्यापासून ३ वर्षे उलटल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्या वैधतेवर आक्षेप घेता येत नाही. या तरतुदीचा अर्थ काही जण ‘तीन वर्षे निभावली की सुटलो’ असा लावतात, आणि धोका नेमका तिथेच आहे, कारण त्या ३ वर्षांतील २४,००० रुपयांच्या बचतीसाठी संपूर्ण १ कोटीचे संरक्षण टांगणीला लागलेले असते. शिवाय हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि नंतर ती पुन्हा चालू केली, तर ३ वर्षांची मोजणी त्या तारखेपासून नव्याने सुरू होते.

माझ्या समोर आलेल्या एका प्रकरणात पॉलिसीला १४ महिने झाले असताना विमेदाराचा मृत्यू झाला होता. इतक्या लवकर आलेल्या दाव्याची चौकशी होतेच. अर्ज एजंटाने भरलेला होता आणि तंबाखूपुढे ‘नाही’ अशी खूण होती, परंतु रुग्णालयाच्या केसपेपरवर दाखल करतानाच्या माहितीत ‘तंबाखू, १५ वर्षे’ असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि ती माहिती घरच्यांनीच डॉक्टरांना दिली होती. दावा नाकारला गेला. अशा वेळी चुकीची माहिती फसवणुकीच्या हेतूने दिल्याचे सिद्ध झाले नाही, तर भरलेले हप्ते नॉमिनीला परत मिळतात. फसवणूक ठरली तर तेही मिळत नाहीत. हप्ते परत मिळाले तरी ती रक्कम काही हजारांतच असते.

मेडिकल तपासणीतून निसटण्याचा विचार कोणी सुचवला तर तोही सोडून द्या. लघवीतील कोटिनीन या घटकावरून निकोटीनचे सेवन कळते आणि मळलेल्या तंबाखूमुळेही ही चाचणी पॉझिटिव्ह येते. चार-पाच दिवस तंबाखू बंद ठेवून ती चुकवता येत असेलही, परंतु अर्जातील प्रश्न गेल्या काही दिवसांबद्दल नसतो. बहुतेक ठिकाणी तो किमान गेल्या १२ महिन्यांबद्दल असतो आणि काही कंपन्या त्याहून मागचेही विचारतात. तंबाखू खरोखर सुटला, तर ठरलेला कालावधी उलटल्यावर कमी दराची नवी पॉलिसी घेता येते. फक्त नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नये.

आता वय. भारतीय विमाधारकांच्या २०१२-१४ या काळातील अनुभवावर तयार केलेल्या मृत्युदर तक्त्यात ३५ व्या वर्षी हजारी सुमारे १.२ आणि ५० व्या वर्षी हजारी सुमारे ४.४ असा दर आहे. म्हणजे १ कोटीच्या विम्याची त्या-त्या वर्षापुरती निव्वळ जोखीम ३५ व्या वर्षी सुमारे १२,००० रुपयांची आणि ५० व्या वर्षी सुमारे ४४,००० रुपयांची होते. (निवडून घेतलेल्या निरोगी अर्जदारांचा प्रत्यक्ष दर याहून कमी असू शकतो, येथे चढण किती आहे ते पाहायचे आहे.) टर्म प्लॅनचा हप्ता मात्र सर्व वर्षे सारखाच असतो, म्हणजे उतारवयातील महाग वर्षांचा भार आजच्या हप्त्यावर पसरवलेला असतो. म्हणूनच एका कंपनीचा दर ६० वर्षांपर्यंतचा आणि दुसरीचा ७५ किंवा ८५ वर्षांपर्यंतचा असेल, तर ते दोन आकडे शेजारी मांडण्यात काहीच अर्थ नाही. मुदतीचे शेवटचे वय आधी स्वतः ठरवा. कर्ज फिटेपर्यंत आणि मुले कमावती होईपर्यंतच संरक्षण हवे असेल, तर ८५ पर्यंतचे पैसे भरण्याचे कारण मला दिसत नाही. वय मोजण्याची पद्धतही विचारून घ्या: काही योजनांत पूर्ण झालेले वय धरतात, तर काहींत जवळच्या वाढदिवसाचे. दुसऱ्या पद्धतीत वाढदिवसाच्या सहा महिने आधीच तुम्ही एक वर्षाने मोठे ठरता.

रकमेच्या बाबतीत हिशेब सरळ रेषेत जात नाही. मेडिकल, कागदपत्रांची छाननी, पॉलिसी काढणे हे खर्च ५० लाखांना आणि १ कोटीला जवळपास सारखेच येतात, त्यामुळे मोठ्या रकमेला प्रतिलाख दर कमी लागतो आणि ही सवलत टप्प्याटप्प्याने मिळते. मानून चालू की ५० लाखांना ७,५०० रुपये आणि १ कोटीला १२,००० रुपये प्रीमियम आहे. पहिल्यात प्रतिलाख १५० रुपये पडतात, दुसऱ्यात १२०, आणि वरच्या ५० लाखांसाठी तर केवळ ९०. तुम्ही १ कोटीचे ठरवलेच आहे, तेव्हा एवढेच करा की ९० लाख, १ कोटी आणि सव्वा कोटी असे तीन दर मागवून प्रतिलाख काढून पाहा. विमा दोन कंपन्यांत विभागण्याचा सल्ला अनेक जण देतात, त्यात ही सवलत हातची जाते.

तक्त्यांतील आणखी दोन फसव्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षापुरती दिलेली सूट धरून प्रीमियम दाखवलेला असतो, म्हणून दुसऱ्या वर्षाचा आकडा पाहावा. आणि वैयक्तिक आयुर्विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. त्याआधी तो टर्म प्लॅनवर १८ टक्के होता, त्यामुळे जुन्या तक्त्यांतील आकडे आजच्या दरांशी ताडू नयेत.

राहिला ९९ टक्क्यांचा, म्हणजे आलेल्या दाव्यांपैकी किती दावे कंपनीने दिले हे सांगणाऱ्या क्लेम सेटलमेंट रेशोचा प्रश्न. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण आपल्या वार्षिक अहवालात वैयक्तिक मृत्यू दाव्यांची आकडेवारी दोन प्रकारे देते: पॉलिसींच्या संख्येनुसार आणि रकमेनुसार. जाहिरातीत सहसा पहिली असते. फरक कसा पडतो ते पाहा. एका कंपनीकडे वर्षात १,००० दावे आले. त्यांपैकी ९०० दावे प्रत्येकी २ लाखांच्या बचतीच्या पॉलिसींचे होते आणि १०० दावे प्रत्येकी १ कोटीच्या टर्म पॉलिसींचे. कंपनीने १० दावे नाकारले आणि ते दहाही टर्मचे होते. संख्येनुसार रेशो ९९ टक्के झाला. रकमेनुसार मात्र एकूण दावे १८ कोटी अधिक १०० कोटी, म्हणजे ११८ कोटींचे, आणि दिले गेले १०८ कोटी, म्हणजे सुमारे ९१.५ टक्के. केवळ टर्मपुरते पाहिले तर १०० पैकी ९०, म्हणजे ९० टक्केच. उदाहरण मुद्दाम टोकाचे घेतले आहे, पण दिशा खरी आहे: छोट्या बचत पॉलिसींवर चौकशी क्वचितच होते, मोठ्या आणि लवकर आलेल्या टर्म दाव्यांवर ती कसून होते, आणि जाहीर रेशोमध्ये हे सर्व एकत्र मिसळलेले असते.

म्हणून दोन कंपन्यांत ९८.५ आणि ९९.२ असा फरक असेल तर मी त्याला किंमत देणार नाही. एखाद्या कंपनीत संख्येचा आणि रकमेचा रेशो यांत मोठी तफावत सलग तीन-चार वर्षे दिसत असेल, तर मात्र तिच्याकडे मोठे दावे अडतात असे समजून मी तिला वगळेन. एकाच वर्षाचा रकमेचा आकडा दोन-चार मोठ्या दाव्यांनीही हलू शकतो, त्यामुळे त्यावर निर्णय घेणार नाही. नाकारलेल्यांबरोबर वर्षअखेर प्रलंबित राहिलेले दावेही पाहावेत.

तुमच्या जागी मी असतो तर तंबाखूला ‘होय’, ६० वर्षांपर्यंत मुदत आणि १ कोटी एवढेच धरून, कोणतेही रायडर, म्हणजे मूळ विम्यावर जादा पैसे देऊन घेतलेले संरक्षण, न जोडता चार-पाच कंपन्यांचे दर काढले असते. त्यांतून रकमेच्या रेशोत वर्षानुवर्षे मागे असलेल्या वगळून उरलेल्यांत सर्वांत कमी प्रीमियमची निवडली असती. अर्ज स्वतः भरा. दिवसातून किती वेळा आणि किती वर्षांपासून तंबाखू घेता हेही त्यात लिहा, कारण मोघम ‘कधीतरी’ या शब्दावरून नंतर वाद होतात. पॉलिसीसोबत तुमच्या अर्जाची प्रत येते. ती उघडून तंबाखूच्या प्रश्नापुढील खूण सर्वांत आधी पाहा. ती चुकीची असेल तर कंपनीला लेखी कळवून दुरुस्त करून घ्या, आणि दुरुस्तीनंतर वाढलेला प्रीमियम मान्य नसेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लूक काळात ती परत करता येते.